एका फुटावरचं घर

भुरी आमच्या घरात आली ती सप्टेंबरच्या एका पावसाळी संध्याकाळी, मुलाच्या शर्टात गुंडाळलेली. गल्लीतल्या बंद दुकानाच्या ओट्याखाली जन्मलेल्या पाच पिल्लांपैकी ती एक. वय तीन महिने, रंग राखेसारखा, शेपटीचं टोक तेवढं पांढरं. सासूबाईंनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चार दिवस राहू दे. मग बघू." त्या चार दिवसांना आता तिसरं वर्ष लागलं आहे.

आम्ही बडोद्याचे मराठी. माझे आजेसासरे गायकवाडी राज्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, जिन्याखाली उतरलं की गुजराती, आणि दोन्हींची सरमिसळ स्वयंपाकघरात. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यात वरचं. त्यामुळे वरची गच्ची आमच्याकडे. इथले लोक तिला अगाशी म्हणतात. रस्त्याच्या बाजूला एक लांबट बाल्कनी. मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे घर सुरक्षित कसं करायचं हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता. या लेखात जे सांगायचं आहे ते बहुतांशी त्या समजाचं काय झालं, याबद्दल आहे.

भुरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दिवाणखान्यात पालथी झोपले. हनुवटी फरशीपासून एक फुटावर ठेवून चारही बाजूंना पाहिलं. सव्वीस वर्षं मुलांना "निरीक्षण करा" म्हणणाऱ्या बाईला आपल्याच घराचा हा मजला माहीत नव्हता. सोफ्याखाली टेबलफॅनच्या वायरचं वेटोळं होतं. फ्रिजमागून आलेली वायर भिंतीला नुसती टेकलेली होती. बाल्कनीच्या दारातून कठड्याचे गज दिसत होते, आणि दोन गजांमधून थेट समोरच्या कडुलिंबाचा शेंडा. मी उभी राहते तेव्हा मला कठडा दिसतो. तिला त्यातली वाट दिसत होती.

सुरुवात बाल्कनीपासून केली. गजांमधलं अंतर पट्टीने मोजलं तर ११ सेंटिमीटर भरलं. भुरीच्या डोक्याची रुंदी, दोन्ही कानांच्या पुढे मोजलेली, जेमतेम ८. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून बहुतेक वेळा सगळं पिल्लू जातं, कारण छाती दबते, कवटी दबत नाही. शिवाय गजांची चौकट फरशीला टेकलेली नव्हती. खालून चार बोटांची फट होती, पाणी जाण्यासाठी ठेवलेली. माझ्या डोक्यात साधा उपाय होता: जाळी लावून घ्यायची. शहरात घरोघरी दिसते ती, कबुतरांसाठीची हिरवट नायलॉनची.

जाळीवाला आला, माप घेतलं, भाव सांगितला. मी सहज म्हटलं की घरात कुत्रीचं पिल्लू आहे. तो टेप गुंडाळता गुंडाळता थांबला. "बेन, आ तो कबूतर माटे छे. कूतरा माटे नथी." धंद्याचं नुकसान करून घेऊन त्याने हे सांगितलं, त्याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. मग त्याने समजावून सांगितलं. ही जाळी पक्ष्याला बाहेर ठेवते, कारण पक्षी तिच्यावर जोर देत नाही. कुत्रं धावत येऊन पुढचे दोन पाय टाकतं, त्याचा धक्का जाळीवर नाही, तिच्या आकड्यांवर येतो. आकडे बऱ्याचदा नुसत्या गिलाव्यात ठोकलेले असतात आणि पावसाळ्यानंतर गिलावा भुसभुशीत झालेला असतो. शिवाय नायलॉन दाताने तुटतं, आणि बडोद्याच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन पिचतं. धागा बोटांत चुरगाळला आणि पांढरी भुकटी सुटली, तर ती जाळी गेली असं समजायचं.

म्हणून आम्ही दोन थर केले. खाली, फरशीपासून तीन फुटांपर्यंत, एक इंच चौकोनांची जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डिंगची लोखंडी जाळी. ती गजांच्या आतल्या बाजूने लावली, म्हणजे धक्का बसला की ती गजांवर दाबली जाते, सुटून बाहेर जात नाही. दर वीतभर अंतरावर जस्ताच्या तारेने बांधली आणि तारेची टोकं बाहेरच्या बाजूला वळवली, कारण आत राहिलेलं टोक नेमकं डोळ्याच्या उंचीवर येतं. माझ्या नव्हे, तिच्या. खालची फट त्याच जाळीचा दोन इंच भाग फरशीवर दुमडून बंद केली. पाणी जातं, पंजा जात नाही. वरच्या भागाला कबुतरांची जाळी लावली, ती कबुतरांसाठीच. काम झाल्यावर जाळीवाल्याने स्वतः गुडघा लावून चारही कोपऱ्यांत जोर दिला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तेच करते. दोनदा एकेक तार सैल सापडली.

इतकं करूनही भुरीला बाल्कनीत एकटी ठेवून दार बंद करायचं नाही, हा नियम आम्ही पाळतो. जाळी चूक झाकते. राखण करत नाही.

गच्चीचं प्रकरण निराळं होतं. तिथे कठडा विटांचा, सव्वातीन फूट उंच, कुठे फट नाही. तो पाहून मी निश्चिंत होते. पण आमच्या भागात वानरं येतात, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. नोव्हेंबरमध्ये एक हुप्प्या कठड्यावरून चालत आला आणि पाच महिन्यांची भुरी त्याच्यामागे धावली. पाण्याच्या टाकीचा ओटा, ओट्यावरून कुंडी, कुंडीवरून कठडा. तिचे पुढचे पाय कठड्याच्या माथ्यावर होते, तेव्हा मुलाने तिला मागून कवेत धरलं. वानर तोवर शेजारच्या गच्चीवर जाऊन बसलं होतं.

त्या रात्री मला कळलं की कठड्याची उंची जमिनीपासून मोजायची नसते. त्याच्याजवळ जे काही ठेवलं आहे, त्याच्या माथ्यापासून मोजायची असते. आमच्या कुंड्या ओळीने कठड्याला लागून होत्या, म्हणजे सव्वातीन फुटांचा कठडा आम्हीच दीड फुटांचा केला होता. शिवाय भिंत भरीव असल्यामुळे पलीकडे काय आहे हे कुत्र्याला दिसत नाही. त्याच्या लेखी भिंतीपलीकडे आणखी एक गच्ची असते. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या कुंड्या कठड्यापासून चार फूट आत ओढल्या आणि टाकीच्या ओट्याभोवती जाळीची चौकट बसवली.

वायरींच्या बाबतीत मी जास्त ऐटीत होते. तो माझा विषय. पिल्लांचे दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पक्के येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि जे मऊ पण चिवट असेल ते चावावंसं वाटतं. वायरचं वेष्टन नेमकं तसंच असतं. मोबाइलच्या चार्जरची बारीक वायर तिने दोनदा तोडली. तिचं काही बिघडलं नाही, कारण त्या टोकाला दाब अगदी कमी असतो. धोका असतो भिंतीकडून येणाऱ्या वायरीत: फ्रिज, कूलर, इस्त्री, टेबलफॅन. तिथे २३० व्होल्ट असतात आणि ओल्या तोंडातून वीज सहज वाहते.

एका सकाळी टेबलफॅनच्या वायरवर दातांच्या खुणा दिसल्या, आणि एका खुणेत तांबं चमकत होतं. पंखा रात्री बंद होता. मी मुलाला म्हटलं, "बटण बंद होतं म्हणून वाचली." वायरमनला बोलावलं तर त्याने टेस्टर घेतला, बटण बंद केलं आणि प्लगच्या एका भोकात घातला. दिवा लागला. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये त्या जागी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं होतं. म्हणजे बटण बंद केलं की पंखा थांबायचा, पण वायरीत वीज तशीच यायची. भुरी वाचली ती बटणामुळे नाही. तिचा दात त्या रात्री दुसऱ्या तारेवर गेला, एवढंच. वायरमनने अख्ख्या घरातली बटणं तपासली, आणखी दोन तशीच निघाली, तीही बदलली. तरीही आता जे वापरात नाही त्याचा प्लग आम्ही काढूनच ठेवतो.

मग मुख्य पेटीत आर.सी.सी.बी. बसवून घेतला, ३० मिलिअँपिअरचा. साधा एम.सी.बी. वायरी तापू नयेत म्हणून असतो. अंगातून वीज गेली तर त्याला पत्ताही लागत नाही. आर.सी.सी.बी. गेलेली आणि परत आलेली वीज ताडून पाहतो, आणि फरक पडला की क्षणात तोडतो. पण इथे एक मेख आहे, आणि ती मी वर्गात कधी सांगितली नव्हती. कुत्र्याने दोन्ही तारा एकदम दातांत धरल्या, तर वीज एका तारेतून तोंडात येते आणि दुसऱ्या तारेतून परत जाते. जमिनीकडे जवळजवळ काही गळत नाही. हिशेब जुळतो, आणि यंत्र स्वस्थ राहू शकतं. म्हणून यंत्र लावल्यावरही वायर दातांपासून दूर ठेवणं सुटत नाही. भिंतीलगतच्या वायरी प्लॅस्टिकच्या पट्टीत बंद केल्या, फ्रिजमागची वाट पाटीने अडवली. कोणीतरी सुचवलेला कडू फवाराही मारून पाहिला. भुरीने तो चाटून पुसला आणि माझ्याकडे आणखी मागितला. शेवटी फ्रिजमधलं गार गाजर तिच्या हिरड्यांना पटलं.

वायरमनने जाताना दोन गोष्टी सांगितल्या. कुत्रं वायरीला चिकटलेलं दिसलं तर आधी मेन बंद करायचा, मग त्याला हात लावायचा. आणि झटका बसून ते उठून चालायला लागलं तरी डॉक्टरांकडे न्यायचंच. ही दुसरी गोष्ट आमच्या डॉक्टरांनी नंतर उलगडून सांगितली. तोंडाच्या कोपऱ्यात किंवा जिभेवर फिकट, राखाडी डाग दिसतो, ती भाजल्याची खूण. पण खरा घात फुप्फुसांत होतो. तिथे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, पाणी साचू लागतं आणि धाप लागते. सकाळी बरं दिसलेलं कुत्रं संध्याकाळी जातं ते असं.

आता झाडं. इथे गोष्ट सासूबाईंची होते.

गच्चीवरची बाग त्यांची आणि माझ्या दिवंगत सासऱ्यांची. ती देवपूजेच्या हिशेबाने लावलेली. सोमवारी महादेवाला धोत्रा. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. रोजच्या पूजेला तांबडी कण्हेर, आणि कोपऱ्यातल्या मोठ्या पिंपात पिवळी कण्हेर, आपल्याकडे जिला बिट्टी म्हणतात. तिच्या बिया घेऊन मी लहानपणी खेळले आहे. तुळस, मोगरा, जास्वंद, गुलाब हेही होते. मी वही घेऊन गच्चीवर गेले आणि एकेका झाडापुढे खूण करत गेले. तुळस, मोगरा, गुलाब, जास्वंद ठीक. उरलेली चारही विषारी. दोन्ही कण्हेरींत हृदयाची गती बिघडवणारं द्रव्य असतं, पानांत, फुलांत, सालीत, बियांत, सगळीकडे. वाळलेल्या पानातही ते तसंच राहतं. पानं पडून कुजलेलं कुंडीखालच्या ताटलीतलं पाणीही त्यातून सुटत नाही. धोत्र्याच्या बियांनी भ्रम होतो, तोंड सुकतं, बुबुळं मोठी होतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा करतो, पोटात गेला तर हृदयाला.

मी वही घेऊन खाली आले आणि सासूबाईंना वाचून दाखवली. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणूनच तर ती देवाला वाहायची. महादेवाने हलाहल प्यायलं, त्याला काय होतंय?"

"आई, त्याने ते गळ्यात अडवलं. कुत्र्याच्या गळ्यात नाही अडत."

त्या हसल्या नाहीत. मीही विनोद म्हणून म्हटलं नव्हतं. "चाळीस वर्षं झाली ती कण्हेर लावून," एवढंच बोलल्या. ती सासऱ्यांनी एका फांदीपासून लावली होती, हे मला माहीत होतं.

मी युक्तिवाद केला. भुरी सगळं तोंडात घालते, हे दाखवलं. माझ्या आवाजात वर्गातली बाई आली होती, हे आता आठवतं. दोन दिवसांनी त्यांनी होकार दिला. ज्या तऱ्हेने त्यांनी दिला तो नकारापेक्षा वाईट होता. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." मला त्या एरवी "तू" म्हणतात.

धोत्रा आणि रुई उपटून टाकले. बिट्टी आणि तांबडी कण्हेर माळ्याने हातमोजे घालून काढल्या आणि आमच्या रस्त्यापलीकडच्या देवळाच्या आवारात, भिंतीआड नेऊन लावल्या. छाटलेल्या फांद्या कोणी जाळू नयेत हे त्याला बजावलं, कारण त्यांचा धूरही बाधतो. जिन्याच्या वळणावर दोन कुंड्या होत्या, नर्सरीवाल्याने दोन्ही "पाम" म्हणूनच दिलेल्या. त्यातला एक अरेका, मऊ पानांचा आणि पिवळसर बांबूसारख्या दांड्यांचा. तो कुत्र्यांना निरुपद्रवी. दुसरा सायकस. बुंधा अननसासारखा खडबडीत, पानं ताठ, टोकाला सुईसारखी. हा मुळात पाम नाहीच, आणि शोभेच्या झाडांत कुत्र्यांना सगळ्यात घातक असणाऱ्यांपैकी तो एक. त्याची एखाद-दुसरी बीदेखील यकृत निकामी करू शकते. तोही गेला. मनीप्लांट तेवढं छताला टांगलं. ते खाल्लं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, पण तोंड पाण्याने धुतलं की बहुधा निभावतं.

ऑक्टोबर सरेपर्यंत गच्ची निम्मी झाली होती. सासूबाई पूर्वी रोज सकाळी गुडघ्यांवर हात ठेवत जिना चढायच्या. आता त्या देवपूजेला बाजारातून आलेल्या पुडीतली फुलं घ्यायच्या. मी काही म्हटलं नाही. मनात म्हटलं, सवय होईल.

मग उत्तरायण आलं. त्या दोन दिवसांत भुरीला आम्ही वर नेलंच नाही, आणि नंतर कुंड्यांत, पाइपांत अडकलेला काचेचा मांजा हाताने वेचून काढला, कारण झाडूला तो सापडत नाही. पंजा कापणं परवडलं. दोरा गिळला तर आतडं चुणीसारखं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तरी ओढायचं नसतं, थेट डॉक्टरांकडे न्यायचं.

इतकं सगळं केल्यावर, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, मी राहिलेल्या कुंड्यांना खत घातलं. दर कुंडीला दोन मुठी, मातीत वरवर मिसळून. खत नेहमीचंच, इथे प्रत्येक बागवाल्याकडे मिळणारं: दिवेलीचा खोळ. म्हणजे एरंडीची पेंड. देशातली बहुतेक एरंडी गुजरातमध्येच पिकते, त्यामुळे ही पेंड इथे स्वस्त आणि भरपूर. उरलेली गोणी मी टाकीमागे तोंड दुमडून ठेवली. संध्याकाळी भुरी वर गेली आणि नाकावर माती घेऊन खाली आली. आम्ही तिचा फोटो काढला.

रात्री काही झालं नाही. सोमवारी पहाटे ती दोनदा ओकली. ओकारीत काळपट भुगा होता, तो मला माती वाटला. सकाळी तिने भाकरीला तोंड लावलं नाही. अकरापर्यंत ती पाठीची कमान करून कोपऱ्यात उभी होती, बसत नव्हती, आणि जुलाबात रक्त दिसलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "एखादं पान राहिलं असेल का गं माझ्या कण्हेरीचं?"

खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं. आणि मी "नाही" म्हटलं नाही.

शेजारच्या बाईंनी तूप पाजायला सांगितलं, कोणी मिठाचं पाणी पाजून ओकवायला. यातलं काही केलं नाही, एवढंच आम्ही बरोबर केलं. मिठाच्या पाण्याने कुत्र्याच्या रक्तातलं मीठ वाढून ते त्यानेच दगावू शकतं. आणि ओकवण्याचा उपयोग असतो तो विष पोटात गेल्यावर पहिल्या तास-दोन तासांत, तोही कुत्रं पूर्ण शुद्धीवर असताना आणि डॉक्टरांच्या हातून.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या, नाडी मोजली. मी कण्हेरीचं सांगितलं. ते म्हणाले, कण्हेर असती तर हृदयाचे ठोके अडखळले असते, ते तर नीट पडताहेत, नुसते जलद आहेत. मग त्यांनी विचारलं, "कुंडीत काय घातलंत?"

मी खोळ म्हणाले तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवलं.

लहानपणी दर काही रविवारी आम्हाला नाक दाबून एरंडेल पाजलं जायचं. त्याच एरंडीच्या बीत रिसिन नावाचं विष असतं. ते तेलात विरघळत नाही. घाण्यातून तेल बाहेर येतं आणि विष मागे पेंडीत राहतं. पेंड चांगली तापवली तर ते मोडतं, पण खत म्हणून येणाऱ्या गोणीत ती किती तापवली हे कोणी लिहीत नाही. शिवाय पेंडीला तेलाचा वास असतो, तो कुत्र्याला खाऊसारखा वाटतो. विष पेशींना प्रथिनं बनवू देत नाही. आतड्याच्या पेशी आधी मरतात, म्हणून रक्त. त्याला वेळ लागतो, सहा तासांपासून दीड-दोन दिवसांपर्यंत. म्हणून रविवारी संध्याकाळी आम्ही फोटो काढू शकलो. उतारा नाही. सलाइन, ओकारी थांबवणारं इंजेक्शन, आतड्याला जपणारी औषधं, रोज यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी. बाकी वाट पाहणं.

तीन दिवस सलाइन चाललं. माझ्या अंगाखांद्यावर बारा किलोचं कुत्रं मान टाकून पडलेलं असायचं. दुसऱ्या रात्री मी घरी आले तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. मी त्यांच्या पलंगाशेजारी खाली बसले आणि सांगितलं की कण्हेर नव्हती, माझं खत होतं. झाडापुढे खुणा करताना मी मातीकडे पाहिलंच नव्हतं. जे मला आधीपासून आवडत नव्हतं त्यात मी विष शोधलं, आणि जे मी स्वतः विकत आणलं त्यात शोधलं नाही.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "तू झोप. सकाळी तिला पेज नेऊ."

चौथ्या दिवशी भुरीने ती पेज चाटली, अर्धी वाटी. आठवड्याने ती घरी शेपटी हलवत फिरत होती. तपासण्या ठीक आल्या. सगळ्याच कुत्र्यांचं असं होत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिने किती खाल्लं हे कोणालाच सांगता आलं नाही. पुढच्या वेळी गोणीवरची चिठ्ठी आणि मूठभर खत सोबत आणा, म्हणाले. पुढची वेळ येऊ नये, पण आलीच तर.

मग गच्ची तिसऱ्यांदा मांडली. सगळ्या कुंड्यांमधली वरची वीतभर माती काढून फेकली. आता गांडूळखत आणि मुरलेलं शेणखत वापरतो, हाडांचा चुरा नाही, कारण त्याचाही वास कुत्र्याला ओढतो. प्रत्येक गोणी झाकणाच्या डब्यात, डबा कुलपात. आणि गच्चीचा पूर्वेकडचा तिसरा हिस्सा मी पाच फुटी लोखंडी जाळीने वेगळा केला. जाळी खाली सिमेंटमध्ये रोवलेली, म्हणजे उकरून जाता येत नाही. दाराला कडी बाहेरून, माझ्या खांद्याच्या उंचीवर. आतल्या कुंड्या जाळीपासून दोन फूट मागे, आणि जाळीच्या तळाला वीतभर पत्रा, म्हणजे वाऱ्याने उडालेलं पान बाहेर येत नाही. कठडा आणि जाळी यांच्यामध्ये सासूबाईंची खुर्ची मावते.

हे झाल्यावर मी देवळात जाऊन पुजाऱ्यांकडे तांबड्या कण्हेरीची एक फांदी मागितली. हातमोजे घालून तोडली, घरी आणून लावली. धोत्रा आणि रुई मात्र आणल्या नाहीत. सासूबाईंनीही मागितल्या नाहीत.

कण्हेरीला गेल्या श्रावणात पहिलं फूल आलं. आता सासूबाई सकाळी जिना चढून वर जातात, आत शिरून कडी लावायला मला सांगतात, फुलं तोडतात, हात धुतात आणि मगच बाहेर येतात. खाली पडलेली पानं मोजून पिशवीत भरतात. भुरी जाळीबाहेर पाय पसरून त्यांची वाट बघत बसते. कधी मी खाली असले आणि वरून हाक येते, ती कुत्रीला असते की मला, हे जिन्यात पोहोचेपर्यंत कळत नाही. "अगं, कडी लागली का नीट?"

मी वर जाते आणि हलवून पाहते.